नफा कागदावर आहे, बोनसला पैसे नाहीत: दूध संस्थेचा हिशोब उलगडताना

प्रश्न: मी आमच्या गावच्या दूध संस्थेत यंदा पहिल्यांदाच संचालक झालो. वर्षाचं संकलन दोन लाख लिटर आहे, सगळं गायीचं दूध. ऑडिट होऊन आलं, नफा ४ लाख ८० हजार दाखवलाय. सभासद लिटरला दोन रुपये बोनस मागतायत. सचिव म्हणतात, बँकेत १ लाख ७० हजारच आहेत आणि राखीव निधी आधी काढावा लागतो. गेल्या दिवाळीला संघाकडून फरक आला होता, तो वाटला नव्हता, तोही या नफ्यातच आहे म्हणे. नफा आहे तर पैसे गेले कुठे? आणि बोनस नेमका किती देता येईल?

उत्तर:

सचिव खोटं बोलत नाहीत आणि सभासदही चुकीचं मागत नाहीत. घोळ एवढाच झालाय की तुमच्या ४ लाख ८० हजारांत दोन वेगळ्या जातीचे पैसे एकत्र पडलेत. ते आधी वेगळे करू, मग बोनसकडे येऊ. मी पंचवीस-एक वर्षं दूध संस्थांचं लेखापरीक्षण करतोय, आणि दर गणपतीच्या सुमारास हाच प्रश्न कुठल्या ना कुठल्या गावातून येतो. तुम्ही दिलेले आकडे तसेच घेतो. जे दिले नाहीत ते एवढ्या आकाराच्या संस्थेत साधारण दिसतात तसे धरतो. तुमच्या पत्रकातले आकडे त्या जागी घालून बघा.

सुरुवात व्यापारी पत्रकापासून. समजा सभासदांकडून २,००,००० लिटर दूध सरासरी ३४ रुपयांनी घेतलं, म्हणजे खरेदी ६८ लाख. त्यातलं १,८६,००० लिटर संघाला सरासरी ३६ रुपयांनी गेलं, त्याचे ६६ लाख ९६ हजार आले. १४,००० लिटर गावात रतिबाला ४५ रुपयांनी विकलं, ते ६ लाख ३० हजार. पशुखाद्यावर ६० हजार सुटले. संघाचा फरक २ लाख ३२ हजार ५००. सगळं मिळून ७६ लाख १८ हजार ५००. यातून दूध खरेदी आणि पगार, भाडं, वीज, छपाई, घसारा असा ३ लाख ३८ हजार ५०० खर्च वजा केला की बरोबर ४ लाख ८० हजार उरतात.

आता यातला फरक बाजूला काढा. उरतात २ लाख ४७ हजार ५००. संस्थेने वर्षभर काम करून मिळवलेला नफा हा एवढाच. राहिलेले २ लाख ३२ हजार संस्थेने कमावलेले नाहीत. संघाने दहा दिवसांच्या बिलात दुधाला जो भाव दिला तो कच्चा होता. वर्षअखेर संघाचा हिशोब बसल्यावर त्याच दुधाचा राहिलेला भाव त्यांनी दिवाळीआधी पाठवला. दूध सभासदाचं, मग त्याचा राहिलेला भावही सभासदाचाच. संस्था मध्ये फक्त पोस्टमनसारखी.

म्हणून फरक आला की तो उत्पन्नात न घेता 'सभासदांना देय दूध दर फरक' अशा देण्याच्या खात्याला जमा करायचा आणि तिथूनच वाटायचा. संघाच्या परिपत्रकात हा फरक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या दुधाचा ते लिहिलेलं असतं. वाटप त्याच मुदतीतल्या लिटरवर करायचं, आजच्या लिटरवर नाही. नाहीतर त्या वर्षी चार गायी असलेला आणि यंदा गोठा मोडलेला माणूस उपाशी राहतो आणि कालपरवा दूध घालायला लागलेला जेवून जातो. तुमच्या सचिवांनी फरक सरळ उत्पन्नात घेतला. यात चोरी काही नाही, पण वाटणी करताना त्याचा परिणाम मोठा होतो.

परिणाम कसा होतो ते समजायला कायद्याच्या चार कलमांपुरतं थांबू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६४ प्रमाणे निव्वळ नफ्याखेरीज संस्थेच्या इतर कुठल्याही निधीतून सभासदांना बोनस किंवा लाभांश वाटता येत नाही. कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीला न्यावाच लागतो. कलम ६७ प्रमाणे लाभांश एरवी १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. मधल्या कलम ६५ मध्ये, सभासदाने संस्थेशी जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात नफ्यातून बोनस देण्याची सोय आहे, मात्र वार्षिक सभेची मंजुरी हवी. थोडक्यात, नफा म्हटला की आधी चौथाई राखीव निधीला, मग उपविधीत लिहिलेले इतर निधी, लाभांश, आणि उरलं तर बोनस. दूध दराचा फरक या रांगेत उभाच राहत नाही, कारण तो नफा नसून दुधाची किंमत आहे.

दोन्ही रीतींनी गणित करून बघू. शेअर भांडवल २ लाख, त्यावर १० टक्के लाभांश म्हणजे २० हजार, आणि उपविधीप्रमाणे इमारत निधी नफ्याच्या १० टक्के धरू.

फरक नफ्यातच ठेवला, तर ४,८०,००० मधून राखीव निधी १,२०,०००, इमारत निधी ४८,००० आणि लाभांश २०,००० गेले. उरले २,९२,०००. दोन लाख लिटरला भागलं की लिटरमागे १ रुपया ४६ पैसे.

फरक आधीच वाटला असता, तर लिटरमागे १ रुपया १६ पैशांप्रमाणे २,३२,००० थेट सभासदाच्या हातात गेले असते. (दोन्ही वर्षांचं दूध सारखंच धरलंय, आणि रतिबाचं दूध वेगळं न काढता सगळ्यांना सारखा फरक धरलाय, कारण कुणाचं दूध कॅनमध्ये गेलं आणि कुणाचं रतिबाला, हे कुणीच सांगू शकत नाही.) मग नफा राहिला असता २,४८,०००. त्यातून राखीव निधी ६२,०००, इमारत निधी २४,८०० आणि लाभांश २०,००० वजा जाता १,४१,२०० उरले असते, म्हणजे लिटरला ७० पैसे बोनस. फरक आणि बोनस मिळून १ रुपया ८६ पैसे.

दूध तेच, संघ तोच, तरी सभासदाच्या हातातल्या रकमेत लिटरला ४० पैशांचा फरक पडला. ते ४० पैसे, म्हणजे ८१ हजार २००, राखीव आणि इमारत निधीत जाऊन बसले. कुणी म्हणेल, बसू द्या की, संस्थेचीच ताकद वाढली. म्हणणं चुकीचं नाही. पण हा निर्णय सभासदांनी समजून घ्यायचा असतो, किर्दीतल्या एका नोंदीने परस्पर होऊ द्यायचा नसतो.

यंदा मागे जाऊन दुरुस्त करता येईल का? ऑडिट पूर्ण होऊन अहवाल आलाय, म्हणून मी म्हणेन, यंदा आहे तसंच राहू द्या. पत्रकं तपासाच्या टप्प्यावर असती तर लेखापरीक्षकाला सांगून दुरुस्तीची नोंद घालता आली असती, पण तेव्हाही त्यांनी विचारलं असतंच की फरक सभासदांना द्यायचा असं उपविधीत आहे का, आणि ठराव कोणत्या तारखेचा. तो ठराव नफा दिसल्यावर घाईने केलेला असेल तर माझ्यासारखा लेखापरीक्षक तो फरक मानत नाही, नफ्याची वाटणीच मानतो. म्हणून संचालक मंडळाचा ठराव वर्ष संपायच्या आत, शक्यतो संघाचं परिपत्रक आल्याबरोबर व्हावा.

आता तुमचा पहिला प्रश्न, पैसे गेले कुठे. याचं उत्तर नफा-तोटा पत्रकात शोधू नका, तिथे मिळणार नाही. गेल्या ३१ मार्चचा आणि यंदाच्या ३१ मार्चचा ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवा आणि येणी बाजूची एकेक ओळ वजा करत जा. तुमच्यासारख्या संस्थेत साधारण असं निघतं: सभासदांकडचं उचल आणि पशुखाद्याचं येणं १ लाख ६५ हजारांनी वाढलं. गोदामात पशुखाद्याचा साठा ५५ हजारांनी जास्त. नवा मिल्कोटेस्टर आणि काटा घेतला, घसारा जाता मालमत्तेत ८० हजारांची भर पडली. मागच्या वर्षीच्या राखीव निधीपोटी जिल्हा बँकेत ७० हजारांची मुदत ठेव केली. बेरीज ३ लाख ७० हजार. नफा ४ लाख ८० हजार, म्हणजे बँकेत वाढायला हवेत १ लाख १० हजार. गेल्या वर्षी ६० हजार होते, यंदा १ लाख ७० हजार आहेत. पैसा कुठेही गेला नाही, त्याने फक्त रूप बदललं. (मार्चच्या शेवटच्या दशकाचं बिल संघाकडून यायचं असतं आणि सभासदांना द्यायचं असतं, पण ही दोन्ही एकमेकांना जवळपास कापतात, म्हणून मोजली नाहीत.)

या चार ओळींपैकी तीन तुम्ही बघून समजू शकता: टेस्टर टेबलावर आहे, पोती गोदामात आहेत, ठेवीची पावती कपाटात आहे. खरी मेख आहे १ लाख ६५ हजारांच्या येण्यात. ते कसं साचतं ते सांगतो, कारण ते साचतं दर दहा दिवसांच्या बिलात.

दशकाचं बिल करताना सभासदाच्या दुधाची एकूण रक्कम काढली जाते, त्यातून पशुखाद्य, उचलीचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, शेअर अशा कपाती होतात आणि उरलेलं त्याच्या खात्यावर जातं. गाय दुधात आहे तोवर हे सुरळीत चालतं. गाय आटली की दूध थांबतं, पण भाकड काळातही तिला खायला लागतंच. तो माणूस पोतं उधारीवर नेतो, कारण तो जुना सभासद आहे आणि गाय व्याली की फेडणार आहे. बहुतेक वेळा फेडतोही. पण गाय विकली किंवा माणूस दुसऱ्या संकलन केंद्राकडे गेला, तर कपात करायला बिलच उरत नाही. ते येणं ताळेबंदात मात्र तसंच राहतं, आणि ज्या विक्रीतून ते तयार झालं तिचा नफा तर तुम्ही कधीच मोजून बसलाय.

म्हणून सचिवांकडे एक यादी मागा. प्रत्येक येणेकऱ्याचं नाव, बाकी, आणि त्याने शेवटचं दूध कोणत्या तारखेला घातलं. ही तारीख बाकीच्या रकमेपेक्षा जास्त बोलते. ज्याने काल दूध घातलं त्याचे १० हजार सुरक्षित आहेत. ज्याने आठ महिन्यांत संस्थेची पायरी चढली नाही त्याचे ३ हजारसुद्धा संशयित. तुमच्याकडे एकूण सभासद येणं २ लाख ६० हजार असेल आणि त्यातले ४५ हजार दूध बंद केलेल्यांकडे असतील, तर त्या ४५ हजारांपुरती तरतूद 'बुडीत व संशयित येणे निधी'ला नफ्यातूनच करा. तो नफा आपल्याला कधी मिळणारच नसेल तर त्याचा बोनस कशाला वाटायचा?

इथे एक विषय जरा लांबवून सांगावा लागेल, कारण संकलनाच्या नोंदी बरोबर नसतील तर वरचं सगळं गणित वाळूवर उभं आहे. नफा-तोटा पत्रकात दुधाची खरेदी आणि विक्री रुपयांत दिसते, आणि रुपयांत चोरी दिसत नाही. ती दिसायला दर दशकाला दुधाचा मेळ लिटर, फॅट आणि एसएनएफ अशा तिन्ही अंगांनी घालावा लागतो.

एका संस्थेतलं दशक सांगतो. सकाळ-संध्याकाळचं मिळून खरेदी ६,००० लिटर, सरासरी फॅट ३.९, एसएनएफ ८.५. संघाला गेलं ५,५६० लिटर, संघाच्या चलनावर फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.२८. रतीब ४३० लिटर. लिटरचा मेळ जवळजवळ बसतो, १० लिटरची घट, कॅन धुण्या-ओतण्यात एवढं जातंच. सचिव खूश होते. फॅट एक पॉइंट कमी लागलं त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही, संघाचा टेस्टर नेहमी कमीच दाखवतो असं ते म्हणाले.

संघाचा टेस्टर कमी दाखवत असेलही. पण फॅट आणि एसएनएफ यांच्या घटीचं प्रमाण बघा. ३.९ चं ३.८ म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास घट. ८.५ चं ८.२८ म्हणजेही तेवढीच घट. दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात तेव्हा दुधात पाणी आलेलं असतं. नुसता फॅटचा टेस्टर चुकला असता तर एसएनएफ एवढंच आणि याच प्रमाणात हललं नसतं. वरची साय कुणी काढली असती तर फॅट उतरलं असतं पण लॅक्टोमीटरची डिग्री उलट चढली असती. इथे संघाला गेलेल्या ५,५६० लिटरांपैकी सुमारे १४० लिटर पाणी होतं, आणि तरी लिटर जुळत होते. मग तेवढंच चांगलं दूध कुठेतरी नोंद न करता गेलं होतं. रतिबाच्या ४५ रुपये दराने ते दशकाला सहा हजारांच्या वर जातं. वर्षात अशी छत्तीस दशकं. रतीब वाटणाऱ्या माणसाकडे विचारणा सुरू झाली त्याच्या पुढच्याच दशकात संघाचं फॅट ३.९ लागलं. टेस्टर आपोआप सुधारला म्हणायचं!

हा मेळ घालताना एक साधी चूक टाळा. खरेदीचं सरासरी फॅट काढताना सगळ्यांच्या फॅटची बेरीज करून माणसांच्या संख्येने भागू नका. एकाचं १० लिटर ३.५ फॅटचं आणि दुसऱ्याचं २ लिटर ४.५ चं असेल तर साधी सरासरी ४.० येते, पण कॅनमधलं दूध ३.६७ चंच असतं. लिटरने गुणून मग भागायचं. अनेक ठिकाणी 'फॅट घट' म्हणून जी ओरड होते ती निम्म्या वेळा या भागाकाराची असते. संगणकावर बिल होत असेल तर दशकाच्या सारांशात लिटरने गुणलेली सरासरी मिळते, पण सॉफ्टवेअर कोणती सरासरी दाखवतंय हे एकदा हाताने तपासून घ्या.

उलट्या बाजूनेही बघायला हवं. दुधात घट येण्याऐवजी वाढावा येत असेल तर तोही आपोआप आकाशातून पडत नाही. काटा ४.७८ दाखवतो आणि वहीत ४.७ लिहिलं जातं. सरासरी ५० मिलीलिटर धरलं आणि दिवसाला दोन्ही वेळचे मिळून तीनशे माप असतील, तर रोजचे १५ लिटर झाले. तपासणीसाठी वजनाच्या आधी काढलेलं नमुना दूधही कॅनमध्येच परत जातं. शिवाय संघ किलोत मोजतो, आपण लिटरमध्ये, आणि एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. संस्था आणि संघ यांच्या काट्यात हा भाग वेगळा घातलेला असेल तर त्यातूनही फरक निघतो. वाढावा असेल तर तो 'दूध वाढावा' म्हणून नोंदवला गेला पाहिजे. ज्या संस्थेत मापं वाढाव्याकडे झुकलेली असतात आणि वहीत मात्र वर्षानुवर्षं वाढाव्याची एकही नोंद नसते, तिथे मी रतिबाची वही आधी मागतो.

आता बोनसकडे परत. यंदा फरक नफ्यातच आहे असं धरून चाललो, तर ४,८०,००० मधून राखीव निधी १,२०,०००, इमारत निधी ४८,०००, लाभांश २०,००० आणि बुडीत येण्याची तरतूद ४५,००० काढा. उरतात २,४७,०००. यातून लिटरला १ रुपया २० पैसे बोनस सुचवेन, म्हणजे २,४०,०००. सात हजार पुढच्या वर्षी ओढा.

बँकेत १ लाख ७० हजार असताना २ लाख ४० हजार कसे द्यायचे? सगळी रक्कम रोखीने जात नाही. बोनस सभासदाच्या खात्याला जमा करायचा आणि त्याच्याकडे उचल किंवा पशुखाद्याची थकबाकी असेल तर ती आधी वळती करायची. सालाला अडीच हजार लिटर घालणाऱ्याला तीन हजार बोनस बसतो, त्याच्याकडे पाच हजार येणं असेल तर त्याला रोख काहीच जात नाही, त्याचं येणं मात्र दोन हजारांवर येतं. दूध चालू असलेल्या येणेकऱ्यांकडून अशी १ लाख १० हजार वळती झाली तर रोख लागतात १ लाख ३० हजार, आणि लाभांशाचे २० हजार. दीड लाखात भागतं. वळती करायची हे सभेच्या ठरावात स्पष्ट लिहा आणि सभेत बोलूनही दाखवा, कारण दिवाळीच्या तोंडावर 'माझा बोनस कापला' असं चावडीवर बोललं जातंच. मला विचाराल तर ज्या संस्थेत वळती करायला संचालकच तयार नसतात, तिथे येणेकऱ्यांच्या यादीत दोन-तीन संचालक हमखास सापडतात.

राखीव निधीचं थोडं वेगळं आहे. लोकांना वाटतं १,२०,००० राखीव निधीला नेले म्हणजे तेवढी रक्कम कुठेतरी तिजोरीत गेली. तसं नाही. राखीव निधी ताळेबंदाच्या देणी बाजूला दिसतो, तो फक्त सांगतो की एवढा नफा आपण वाटला नाही. त्यासमोर येणी बाजूला गुंतवणूक आहे का ते वेगळं बघायचं. दोन्ही आकडे शेजारी लिहा: समजा राखीव निधी ६ लाख ४० हजार, राखीव निधी गुंतवणूक २ लाख १० हजार. मधले ४ लाख ३० हजार धंद्यात गुंतलेत, आणि धंद्यात म्हणजे बहुतेक वेळा भाकड गायींच्या पेंडीत. कायदा राखीव निधी नियमांच्या अधीन राहून धंद्यात वापरू देतो, पण तो वापर ठरवून केलेला हवा, आपोआप झालेला नको. लेखापरीक्षणात या फरकावर दोष लागतोच आणि दोष दुरुस्ती अहवालात त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून पुढचे चार महिने पशुखाद्याचा साठा हलका होईल तसतशी ठेव करत जा, एका दमात १ लाख २० हजार काढून दूध बिल अडवू नका. दशकाचं बिल एकदा जरी उशिरा गेलं तर सभासद दुसऱ्या दारात कॅन घेऊन उभा राहतो, हे कुठल्याही निधीपेक्षा महागात पडतं.

तारखांचा क्रम सांभाळा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, दिवाळी त्यानंतर येते, म्हणजे क्रम नैसर्गिकच जुळतो: आधी सभा, मग नफा वाटणीचा ठराव, मग बोनस. सभेच्या आधी 'बोनस उचल' म्हणून पैसे वाटायची पद्धत काही गावांत आहे. ती रक्कम सभेने मंजूर केली नाही तर परत कोण आणणार? ती मग सभासद येण्यात बसते आणि वर सांगितलेल्या यादीत भर पडते. कर्मचाऱ्यांना दिवाळीला जे दिलं जातं ते या वाटणीत आणू नका, तो पगारासारखा खर्च आहे आणि नफा काढण्याआधीच नावे पडतो.

ठराव झाला की नोंद अशी: नफा-तोटा वाटणी खात्याला नावे, आणि राखीव निधी, इमारत निधी, बुडीत येणे निधी, लाभांश देय, दूध बोनस देय यांना जमा. बोनस देय खात्यातून प्रत्येक सभासदाच्या खात्याला त्याच्या लिटरप्रमाणे जमा. वाटपपत्रकात सभासद क्रमांक, वर्षाचे लिटर, बोनस, वळती आणि निव्वळ रक्कम असे रकाने ठेवा, आणि वर्षाच्या लिटरची बेरीज दूध खरेदी नोंदवहीतल्या २,००,००० लिटरशी जुळते का बघा. जुळत नसेल तर तिथेच थांबा. माझ्या पाहण्यात एका संस्थेत वाटपपत्रकाचे लिटर खरेदीपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त निघाले होते. दोन मयत सभासदांच्या नावावर वर्षभर दूध 'आलं' होतं.

आणि तुमच्या सभासदांच्या दोन रुपयांचं काय? यंदाच्या दिवाळीआधी संघाचा नवा फरक येईल. तो आला की उत्पन्नात घेऊ नका, देण्याच्या खात्याला जमा करा आणि ज्या मुदतीचा असेल त्या लिटरवर आठवड्याभरात वाटून टाका. तो मागच्यासारखाच असेल तर लिटरला १ रुपया १६ पैसे पडतील. बोनसचे १ रुपया २० आणि हे मिळून सभासदाला दोन रुपयांच्या वरच मिळतात. दोन्हींची वाटपपत्रकं वेगळी ठेवा, बँकेत जमा करताना वर्णनही वेगळं लिहा, एकाला 'फरक' आणि दुसऱ्याला 'बोनस'. जे सभासद घ्यायला येत नाहीत त्यांची रक्कम आपापल्या देय खात्यात नावनिशीवार तशीच राहू द्या, ती पुन्हा उत्पन्नात ओढू नका.